सणाची सुट्टी एचआरकडे मागताना

(एडिसनमध्ये वेअरहाऊस, पॅकिंग आणि दुकानांत काम करणाऱ्या मराठी मंडळींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिफ्ट संपवून आलात, काहीजण शिफ्टला जायच्या आधी आलात, म्हणून सरळ विषयावर येतो. आपल्यापैकी बरेच जण रॅरिटन सेंटरच्या आसपासच्या गोदामांत आहेत, काही ओक ट्री रोडच्या दुकानांत. एडिसनच्या शाळांना दिवाळीची सुट्टी असते. म्हणजे पोरं घरी आणि आईबाप कन्व्हेयर बेल्टवर. दर वर्षी तेच. कोणी आजारी असल्याचा फोन करतो, कोणी सुपरवायझरच्या हातापाया पडतो, कोणी गप्प बसतो. यंदा ते न करता कंपनीच्या एचआरला एक लेखी प्रस्ताव द्यायचा. त्यात काय असावं, काय नसावं आणि एचआर काय म्हणेल, एवढंच आज बोलायचं आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "अमेरिकेत कायद्याने सणाची सुट्टी मिळते" असं कोणी सांगत असेल तर ते अर्धवट आहे. खाजगी कंपनीने एकही पगारी सुट्टी द्यावी असं ना केंद्राचा कायदा सांगतो, ना न्यू जर्सीचा. ख्रिसमससुद्धा नाही. कॅलेंडरवर छापलेल्या सुट्ट्या सरकारी कचेऱ्यांच्या असतात. त्यातल्या किती पाळायच्या हे कंपनी ठरवते, आणि म्हणूनच त्या बदलूनही घेता येतात.

मग कायदा देतो काय? 1964 च्या सिव्हिल राइट्स ॲक्टप्रमाणे, पंधरा किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाने कामगाराच्या धार्मिक आचरणासाठी सवड करून द्यायची असते, धंद्याला अवाजवी त्रास होत नसेल तर. आता "अवाजवी त्रास" म्हणजे किती? 1977 पासून कोर्ट असं धरत आलं की मालकाला किरकोळ खर्चापेक्षा जास्त पडलं तरी तो नाही म्हणू शकतो. त्यामुळे नाही म्हणणं फार सोपं होतं. मग शेजारच्या पेनसिल्व्हेनियातला जेराल्ड ग्रॉफ नावाचा टपाल खात्यातला माणूस, रविवारी काम करणार नाही म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. जून 2023 मध्ये कोर्टाने सांगितलं की किरकोळ खर्च पुरत नाही. त्या धंद्याच्या मानाने बोजा खरोखर मोठा आहे हे मालकाने दाखवलं पाहिजे. लक्षात घ्या, ग्रॉफ ख्रिश्चन होता. पण त्या निकालाचा फायदा गणपतीसाठी सुट्टी मागणाऱ्यालाही तितकाच आहे.

न्यू जर्सीचा भेदभावविरोधी कायदा याच्याही पुढे जातो. तो लहान मालकालाही लागू आहे, पाच माणसांच्या दुकानालासुद्धा. त्यात म्हटलंय की धर्माने पाळायच्या दिवशी गैरहजर राहिल्यास, जमेल तिथे, तेवढं काम दोघांच्या सोयीने दुसऱ्या वेळी भरून द्यायचं. भरून दिलं नाही तर ती रजा बिनपगारी धरता येते. थोडक्यात, कायद्याने मिळते ती सवड. पगारी सुट्टी नाही. बिनपगारी एक दिवस म्हणजे आपल्यासारख्याला आठवड्याच्या पगाराचा पाचवा हिस्सा. सणाच्या खर्चाच्या आठवड्यातच तो कापला जातो.

कायद्याच्या वाटेत आणखी एक अडचण आहे, ती आपल्यातल्या काही जणांना जास्त टोचते. कायदा धार्मिक आचरणाला संरक्षण देतो, नुसत्या सामाजिक कार्यक्रमाला नाही. लक्ष्मीपूजन सांगायला सोपं. पण आपल्यात बौद्ध बांधव आहेत. 14 एप्रिल हा त्यांच्यासाठी केवढा दिवस आहे हे तुम्हाला सांगायला नको, पण एचआरमधली बाई विचारते, "हा धार्मिक सण आहे की एका नेत्याचा वाढदिवस?" मग तिथे उभं राहून 1956 सालचं नागपूर समजावून सांगायचं, तेही मोडक्या इंग्रजीत, मागे मशीन चालू असताना. दसऱ्याचं तसंच. त्याच दिवशी कोणी सोनं वाटतो, कोणी धम्मचक्र प्रवर्तन दिन पाळतो. कोणाचा दिवस खरा धार्मिक, हे कंपनीने ठरवूच नये, अशी व्यवस्था हवी. ती व्यवस्था म्हणजे फ्लोटिंग हॉलिडे: कंपनीने एक-दोन पगारी दिवस असे द्यायचे की ते कधी घ्यायचे हे कामगार ठरवेल, आणि कारण सांगायची सक्ती नसेल.

ही कल्पना आपल्याला नवीन नाही. भारतात केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला ठरलेल्या यादीतून दोन वैकल्पिक सुट्ट्या निवडता येतात. आणि महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा तर आपल्या प्रस्तावाच्या अगदी जवळ आहे. त्यात आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून, वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवायच्या. अर्ध्या सगळ्यांच्या, अर्ध्या बोलून ठरवलेल्या. एचआरला हे सांगायला हरकत नाही. तिथली हजारो दुकानं आणि कचेऱ्या या पद्धतीने चालतात, बंद पडलेल्या नाहीत. फरक एवढाच की तिथे चार दिवस सगळ्यांना एकच ठरतात. इथे आपल्या एका शिफ्टमध्ये दहा देशांची माणसं असतात, म्हणून प्रत्येकाला आपला दिवस निवडू द्यायचा.

यातच प्रस्तावाची मुख्य गोष्ट आली. "आम्हाला दिवाळी द्या" असा अर्ज करू नका. का ते सांगतो. तुमच्या लाईनवर कोण कोण आहे बघा. डोमिनिकन बायका आहेत, त्यांना 6 जानेवारीचा तीन राजांचा दिवस हवा असतो. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिश्चन आहेत, त्यांचा ख्रिसमस 7 जानेवारीला येतो आणि कंपनी त्यांना 25 डिसेंबरची सुट्टी देऊन मोकळी होते. हैदराबादचे, बांगलादेशचे, पाकिस्तानचे मुसलमान आहेत, त्यांना दोन ईद. पंजाबी आहेत, त्यांना वैशाखी. दिवाळी मागितली की हे सगळे म्हणणार, आमचं काय? आणि एचआरला नेमकं तेच उत्तर सोपं पडतं: "एकाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल." सगळ्यांसाठी मागितलं की ते उत्तर संपतं.

आता आकड्यांत बघू, कारण एचआर आकड्यांवर बोलते. समजा, तुमच्या गोदामात साठ माणसं आहेत, ताशी 20 डॉलर, आठ तासांची शिफ्ट. एका माणसाचा एक पगारी दिवस 160 डॉलरचा. साठ जणांचा 9,600. कंपनी आज आठ ठरलेल्या सुट्ट्या देते, त्यात फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डे आणि ऑक्टोबरमधला कोलंबस डे आहेत असं धरू. त्या दोन दिवशी कंपनी 19,200 डॉलर देते आणि दार बंद ठेवते. आपला प्रस्ताव असा: हे दोन दिवस फ्लोटिंग करा. पैसे तेच 19,200. पण गोदाम एकही दिवस पूर्ण बंद नाही, कारण सगळे एकाच दिवशी जाणार नाहीत. कंपनीचे दोन कामाचे दिवस वाढतात. आणि ज्याला कोलंबस डेलाच घरी राहायचंय, पोरांची शाळा बंद आहे म्हणून, त्याने आपला फ्लोटिंग दिवस त्याच दिवशी घ्यावा. कोणाचं काही काढून घेतलं नाही, हे त्या सहकाऱ्यांना आधी जाऊन सांगा. नाहीतर विरोध त्यांच्याकडूनच होतो आणि तो रास्तही असतो.

तुमच्या कंपनीत सहाच सुट्ट्या असतील तर बदलायला काही नाही. मग एक नवा दिवस मागा. वर्षाच्या साधारण 260 कामाच्या दिवसांच्या पगारावर एक दिवस, म्हणजे पगाराच्या दर शंभर डॉलरमागे चाळीस सेंटांपेक्षा कमी. दोन दिवस पहिल्याच वर्षी मागून काहीच न मिळण्यापेक्षा एक मागून पक्का करणं बरं, असं माझं मत.

एचआरचा पुढचा प्रश्न: "दिवाळीला सगळे एकदम मागतील, शिफ्ट कोण चालवणार?" हा प्रश्न खरा आहे, टाळू नका. दिवाळी नेमकी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, गोदामाच्या गर्दीच्या तोंडावर येते. म्हणून उत्तर प्रस्तावातच लिहा. समजा दुसऱ्या शिफ्टला तीस जण आहेत आणि चोवीस असले तर काम निघतं. म्हणजे सहाजण एकावेळी रजेवर जाऊ शकतात. मागणारे अकरा आहेत. सहांना मिळाली, पाच उरले. निवड कशी? बहुतेक कंपन्या जुन्या माणसाला आधी देतात. त्यात दर वर्षी तेच सहा दिवाळी करतात आणि नवा पोरगा पाच वर्षं बेल्टवर. त्यापेक्षा असं मागा: मागच्या वर्षी ज्याला नाकारलं त्याला यंदा पहिला मान, बाकीच्यांत चिठ्ठी. मात्र युनियनचा करार असेल आणि त्यात ज्येष्ठतेचा नियम असेल तर तो मोडता येत नाही. तिथे आधी युनियनच्या प्रतिनिधीशी बोला.

उरलेल्या पाच जणांना अदलाबदलीची वाट ठेवा. पहिल्या शिफ्टमधला कॉप्टिक मित्र तुमच्या जागी दिवाळीच्या संध्याकाळी उभा राहील, तुम्ही त्याच्या जागी 7 जानेवारीला. ऐकायला छान वाटतं, पण इथे एक खाच आहे आणि अदलाबदल तिथेच फसते. आठवड्याला चाळीस तासांच्या वर काम गेलं की दीडपट दर द्यावा लागतो. आठवडा वेगळा असेल तर त्या मित्राचे दिवाळीच्या आठवड्यात अठ्ठेचाळीस तास होतात. कंपनीला त्या आठ तासांचे 160 ऐवजी 240 पडतात, आणि सुपरवायझर अर्ज फेटाळतो, कारणही सांगत नाही. म्हणून शक्यतो त्याच आठवड्यात परतफेड करा: त्याने तुमची मंगळवारची शिफ्ट घ्यावी, तुम्ही त्याची गुरुवारची. मग जानेवारीत तुमच्या दोघांची तशीच दुसरी अदलाबदल, त्या आठवड्यापुरती. तास जिथल्या तिथे राहतात आणि नाकारायला कारण उरत नाही.

तारखेचं एक सांगायचं राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. प्रस्तावात तारखा छापू नका, सणाचं नाव चालेल. 2025 सालची दिवाळी आठवा. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला झालं. भारतीय वेळेने अमावास्या 20 तारखेला दुपारी पावणेचारच्या सुमारास लागली आणि 21 ला संध्याकाळी सहाच्या आत संपली. तेच एडिसनच्या घड्याळात मांडा: आपण साडेनऊ तास मागे, म्हणजे 20 ला सकाळी सव्वासहाच्या सुमारास सुरू आणि 21 ला सकाळी साडेआठच्या आत समाप्त. इथे अमावास्येची संध्याकाळ एकच होती, सोमवार 20 ची. गावाकडच्या कॅलेंडरवरून 21 ची सुट्टी टाकली असती तर इथल्या हिशेबाने दिवस चुकला असता. ईदचं तर चंद्र दिसेपर्यंत नक्की नसतं. 2026 मध्ये गुढीपाडवा 19 मार्चला आणि रमजान ईद त्याच्याच आगेमागे, म्हणजे एकाच आठवड्यात दोन्हीकडचे अर्ज येणार. म्हणून कलम असं मागा: दोन आठवडे आधी अर्ज, चंद्रावर किंवा तिथीवर चालणाऱ्या सणासाठी लागोपाठच्या दोन तारखा लिहायची मुभा, आणि नक्की दिवस अठ्ठेचाळीस तास आधी कळवायचा.

2026 ची दिवाळी, लक्ष्मीपूजन, 8 नोव्हेंबरला रविवारी आहे. ऑफिसवाल्यांना प्रश्नच नाही. पण गोदामाला रविवार हा कामाचाच दिवस, म्हणून "सोमवार ते शुक्रवार" अशी अट फ्लोटिंग दिवसाला येऊ देऊ नका. असली अट बारीक अक्षरात घुसते.

तसंच एक कलम हजेरीच्या पॉइंट्सचं. तुम्हाला माहीतच आहे, गैरहजेरीला एक पॉइंट, उशिराला अर्धा, ठरावीक पॉइंट झाले की घरी. मंजूर झालेल्या सणाच्या दिवसाला, मग तो पगारी असो की बिनपगारी, पॉइंट लागणार नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. एका गोदामात, नाव घेत नाही, मला सुपरवायझरने तोंडी "जा" म्हटलं आणि सॉफ्टवेअरने आपोआप पॉइंट लावला. तो काढायला तीन आठवडे आणि चार ई-मेल लागले. तोंडी परवानगी संगणकाला ऐकू येत नाही.

आजारपणाची रजा सणाला वापरू नका. न्यू जर्सीत दर तीस तासांच्या कामामागे एक तास, वर्षाला चाळीस तासांपर्यंत ती रजा मिळते, एजन्सीतर्फे असलात तरी. ती तुमच्या आणि घरच्यांच्या आजारपणासाठी आहे. दिवाळीला ताप आला असं सांगून फेसबुकवर कंदिलाबरोबरचा फोटो टाकला की कंपनीच्या हातात आयतं कारण. पण कंपनीने स्वतःहून "पर्सनल डे" दिला असेल आणि तो लग्नाला, घर बदलायला, कशालाही चालतो पण सणाला नाही असं म्हणत असेल, तर ते चालत नाही. 1986 मध्ये कनेटिकटमधल्या एका शिक्षकाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की बिनपगारी रजा ही सवड म्हणून साधारणपणे पुरेशी आहे, पण पगारी रजा बाकी सगळ्या कारणांना खुली आणि फक्त धर्माला बंद असेल तर ती पुरेशी नाही. त्याच निकालात मालकाच्या बाजूचंही एक आहे: कामगाराने सुचवलेलाच पर्याय मालकाने स्वीकारावा असं नाही, वाजवी असा कोणताही चालतो. म्हणून एकच मागणी धरून बसू नका.

एजन्सीतर्फे काम करणाऱ्यांनो, "आम्ही तर टेंप, आम्हाला कोण विचारतो" असं म्हणू नका. न्यू जर्सीत 2023 पासून तात्पुरत्या कामगारांचा कायदा आहे. गोदामासारख्या ठरावीक कामांत, कंपनीचे स्वतःचे कामगार तेच काम करून जो सरासरी पगार आणि सवलती मिळवतात, तेवढ्या मोलाचं तुम्हाला मिळायला हवं, नाहीतर त्याचे रोख पैसे. म्हणजे कंपनीच्या माणसांना फ्लोटिंग दिवस मिळाला की तुमच्याही हिशेबात त्याची किंमत यायला हवी. म्हणून प्रस्तावाची एक प्रत एजन्सीलाही द्या.

आता पत्र. ते इंग्रजीतच लिहायचं, एका पानात. त्याचा मतितार्थ मराठीत वाचून दाखवतो:

"आम्ही खाली सही करणारे कामगार वेगवेगळ्या धर्मांचे, काही कोणताच धर्म न मानणारे आहोत. सध्याच्या ठरलेल्या सुट्ट्यांपैकी दोन दिवस पुढील वर्षापासून प्रत्येकाने निवडायचे पगारी दिवस करावेत, ही विनंती. कारण किंवा धर्म विचारला जाऊ नये. अर्ज दोन आठवडे आधी देऊ. चंद्रावर ठरणाऱ्या सणाला दोन तारखा लिहू. एका शिफ्टला एकावेळी किती जण रजेवर जातील हे कंपनीने आधी जाहीर करावं, आणि नाकारायचं असेल तर लेखी, पाच दिवसांत. नाकारल्यास अदलाबदल, शिफ्टच्या आधी दोन तास जाणं किंवा तास भरून देणं, यांपैकी एक पर्याय मिळावा. मंजूर दिवसाला हजेरीचे पॉइंट लागू नयेत. एक वर्ष करून बघावं आणि मग दोघांनी बसून तपासावं."

शेवटच्या वाक्याने एचआरला मान्य करणं सोपं जातं. वर्षभर चाललेली सुट्टी काढून घेणं कंपनीलाही जड जातं.

सह्या निदान तीन-चार भाषांच्या माणसांच्या असू द्या. दोघा-चौघांनी मिळून कामाच्या अटींबद्दल मागणी करणं 1935 च्या केंद्रीय कामगार कायद्याने संरक्षित आहे, युनियन असो नसो. मात्र सुपरवायझरला ते संरक्षण नाही, म्हणून त्याला सहीचा आग्रह करू नका. पत्र ई-मेलने पाठवा, कंपनीच्या नव्हे तर स्वतःच्या पत्त्यावर प्रत ठेवा. पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी बऱ्याच कंपन्या शरद ऋतूत ठरवतात, तेव्हा गणपती उठायच्या आत पत्र गेलेलं बरं.

आणि प्रस्ताव अडला म्हणून तुमचा वैयक्तिक हक्क संपत नाही. धार्मिक दिवसासाठी तुम्ही एकट्याने लेखी सवड मागितली आणि चर्चाही न करता नाकारली, किंवा मागितली म्हणून तास कापले, तर न्यू जर्सीच्या डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे 180 दिवसांच्या आत आणि केंद्राच्या ईईओसीकडे 300 दिवसांच्या आत तक्रार करता येते. दिवस घटनेच्या तारखेपासून मोजतात, म्हणून नकाराची तारीख लिहून ठेवा.

इंग्रजी पत्राच्या कोऱ्या प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. एका गोदामाला एकच न्या. तुमच्या शिफ्टला कमीत कमी किती माणसं लागतात तो आकडा तेवढा रिकामा ठेवलाय. तो सुपरवायझरला विचारून नव्हे, मागच्या महिन्यात किती जणांवर शिफ्ट निघाली ते स्वतः मोजून भरा.